कुंडीत माठ का उगवला नाही?

बी वाईट, असं लगेच ठरवू नका. आधी काडीने माती हलकेच उकरून बघा. पांढरा कोंब वाकडा होऊन वरच्या पापुद्र्याखाली अडकलेला दिसला, तर दोष मातीचा. आपली तांबडी माती नुसतीच कुंडीत भरली आणि वरून तांब्याने पाणी ओतलं, की ती बसते आणि उन्हात तिची खपली धरते. माठाचा कोंब दोऱ्याएवढा, त्याला ती फुटत नाही. म्हणून निम्मी माती, निम्मं चाळलेलं शेणखत आणि भिजवून धुतलेला नारळाचा भुसा असं मिश्रण करा. समुद्रावरची वाळू घालू नका, तिच्यात मीठ असतं.

माठाचं बी वर भुरभुरायचं आणि जेमतेम झाकेल एवढंच खत पसरायचं. भेंडी मात्र दीड-दोन सेंटीमीटर खोल चालते. उगवेपर्यंत ओलं गोणपाट टाका, पाणी त्यावरच शिंपडा. कोंब दिसले की गोणपाट त्याच दिवशी काढा. एकदा भिजून फुगलेलं बी मध्येच वाळलं तर मरतं. उकरल्यावर बी मऊ, कुबट वासाचं लागलं, तर पाणी जास्त झालंय. कुंडीचं भोक तपासा.

बी जसंच्या तसं कोरडं सापडलं, तर पाणी खाली पोचलेलंच नाही. ओलं असूनही आठवड्यात हललं नाही, तर ते जुनं समजा. आपल्याकडे पावसाळ्यात पुडीतलं बी दमट हवेने लवकर मरतं. खात्रीसाठी भेंडीच्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. पाचच बियांना मोड आले तर दुप्पट पेरा, दोन-तीनच बियांना आले तर नवीन बी आणा.