शब्द वर्ज्य आहे हे आधी कळते, अर्थ बऱ्याच उशिरा

“माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. महिनाभरापासून तो शिव्या देतो, आणि त्याही अगदी बरोबर जागी. रागावून पाहिले, एकदा फटकाही दिला. पण आता तो माझ्याकडे बघत मुद्दाम म्हणतो. हे घाण शब्द आहेत हे त्याला खरेच कळते का? आत्ताच असे, तर मोठेपणी काय होईल?”

तुमच्या पत्रातले ‘माझ्याकडे बघत’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांचे कारण सांगण्यासाठी मी माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आई, वडील, आजी, साडेचार वर्षांचा धाकटा आणि बारा वर्षांचा थोरला असे ते घर होते, आणि तक्रार होती ती धाकट्याच्या तोंडी बसलेल्या ‘च्यायला’ची.

पहिल्या भेटीत मी त्याला लाकडी ठोकळे दिले. सहावा ठोकळा ठेवताना मनोरा कोसळला आणि तो स्पष्ट आवाजात “च्यायला!” म्हणाला. पण त्यानंतर त्याने पडलेल्या ठोकळ्यांकडे पाहिलेच नाही. त्याने आधी आईकडे पाहिले, मग वडिलांकडे, आणि मग माझ्याकडे. आईचा चेहरा लाल झाला होता, वडील हसू दाबत खिडकीबाहेर बघत होते आणि मी ठोकळे गोळा करत होते. तीन चेहऱ्यांवरून मिळालेली ही माहिती त्याला त्या शब्दाच्या अर्थापेक्षा कितीतरी मोलाची होती.

मागचा इतिहास विचारला तेव्हा कळले, की तो शब्द त्याने पहिल्यांदा तीन वर्षांचा असताना उच्चारला होता. तेव्हा सगळे पोट धरून हसले, आणि दुसऱ्यांदा म्हणायला लावून त्याचा व्हिडिओ मावशीला पाठवण्यात आला. पुढे पाहुण्यांसमोर तोच शब्द आला तेव्हा थप्पड बसली, आणि आजीने “जिभेला तिखट लावीन” असे बजावले. एकाच शब्दाला एकदा हशा आणि एकदा थप्पड मिळते, हे मुलाच्या दृष्टीने विलक्षणच आहे. ‘पोळी’ किंवा ‘चप्पल’ म्हटल्यावर असे काही घडत नाही. या वयात मूल शब्दाबरोबर त्याचा सूर आणि त्याची जागा उचलते. स्कूटर चालू झाली नाही की वडील काय म्हणतात, हे त्याने शंभरदा ऐकलेले असते, म्हणून शिवी बरोबर जागी पडते. त्यावरून त्याला अर्थ कळला आहे असा निष्कर्ष आपण काढतो आणि तिथेच चुकतो. वडिलांना तरी त्या शब्दात आई दडलेली आहे हे रोज कुठे जाणवत होते!

त्याला नेमके काय कळते हे पाहण्यासाठी मी दोन बाहुल्या घेतल्या. एक बाहुली ‘दगड’ म्हणाली तर तिची आई काय करील, असे विचारले. तो म्हणाला, “काही नाही.” बाहुली ‘च्यायला’ म्हणाली तर? “फटका देईल.” खोलीत कुणीच नसेल तर? इथे तो थबकला आणि म्हणाला, “तरी आईला कळतं.” शेवटी मी विचारले, “खोटं बोलणं म्हणजे काय रे?” त्याने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “घाण बोलणं.”

हे उत्तर ऐकून आई घाबरली, पण मला ते ओळखीचे होते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मुलांच्या नैतिक निर्णयांविषयीच्या अभ्यासात लहान मुलांना खोटे म्हणजे काय असे विचारले होते, आणि वाईट शब्द बोलणे म्हणजे खोटे बोलणे असे त्यांतली काही मुले सांगत होती. दोन्ही गोष्टी जिभेने केल्या जातात आणि दोन्हींबद्दल मोठी माणसे रागावतात, म्हणून मुलाच्या मनात त्या एकाच खणात जाऊन पडतात. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे, की शब्द वर्ज्य आहे हे तुमच्या मुलाला कळते, मात्र का वर्ज्य आहे हे अजिबात कळत नाही, आणि “याचा अर्थ माहीत आहे का तुला?” हा दरडावून विचारलेला प्रश्न या वयात निरर्थक आहे.

त्या घरात आम्ही केले ते अगदी थोडे होते. शब्द आला की कुणी हसायचे नाही, ओरडायचे नाही, एकमेकांकडे बघायचेही नाही, मनोरा पडला असेल तर “अरेच्चा, पडला!” एवढेच म्हणून पुढच्या कामाला लागायचे. वडिलांनी स्वतःचे ‘च्यायला’ आवरायचे, आणि चुकून निघाले तर मुलासमोरच “हे माझं चुकलं” असे म्हणायचे. पहिल्या आठवड्यात शब्द वाढतील, हे मी आधीच सांगून ठेवले होते. जी कळ दाबल्यावर दिवा लागायचा ती चालेनाशी झाली, की माणूस ती आधी जोरात दाबून पाहतो. तसेच झाले. चौथ्या दिवशी तो जेवणाच्या पानावर बसून सलग तोच शब्द म्हणत होता आणि आजीचा धीर सुटत आला होता. महिन्याभराने शब्द अधूनमधून येत होता, पण तो म्हटल्यावर चेहरे तपासणे थांबले होते. मी यश मोजते ते या दुसऱ्या गोष्टीवरून.

आणखी एक गोष्ट मला तिथे दुरुस्त करावी लागली. आंघोळीच्या वेळी त्याने स्वतःच्या लिंगाचा उल्लेख केला की घरात “शी, घाण बोलू नये” असे म्हटले जात असे. शरीराच्या अवयवाचे नाव आणि शिवी एकाच खणात गेली, की त्या जागी दुखले किंवा कुणी हात लावला तर ते सांगण्याचा शब्दच मुलापाशी उरत नाही. अवयवाला नाव असावे आणि ते निःसंकोचपणे घेता यावे. लहान मूल लैंगिक कृतीचे बारीक वर्णन करू लागले, त्यासोबत भीती किंवा तसा खेळ दिसला, तर तो शिव्यांचा प्रश्न समजू नये. मुलाला दोष न देता त्याचे म्हणणे ऐकावे आणि चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर किंवा बालरोगतज्ज्ञांशी लगेच बोलावे.

मोठेपणाबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून थोडे पुढचे. पहिली-दुसरीच्या वर्गात गेलात तर “बाई, ह्याने मला आईवरून शिवी दिली” किंवा “भ वरून शब्द बोलला” अशा तक्रारी रोज ऐकू येतात. तक्रार करणारे मूल तो शब्द स्वतः उच्चारत नाही, फक्त अक्षर सांगते. शब्द नुसता सांगणे आणि तो वापरणे यांत फरक असतो, हे त्याला पुरते उमगलेले नसते. उच्चारले की आपणही दोषी, असे त्याला वाटते. पुढे आठ-नऊ वर्षांच्या सुमारास नियमाला माणूस, जागा आणि वेळ चिकटते. साताऱ्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका श्रावणात ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात, त्याला बोरीचा बार म्हणतात. शिमग्याची बोंबही आपल्या परिचयाची आहे. चार वर्षांच्या मुलाला हे नुसते गोंधळात टाकते. नऊ वर्षांचे मूल मात्र “त्या दिवशी चालतं” असे सहज सांगते.

अमेरिकेत क्रिस्टिन जे आणि टिमथी जे यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या अशा शब्दांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसते, की असे शब्द शाळेत जाण्याच्या आधीच मुलांच्या बोलण्यात येतात, आणि अकरा-बाराव्या वर्षापर्यंत त्यांचा साठा मोठ्या माणसांसारखा होत जातो. तेव्हा पूर्ण अज्ञानाची अपेक्षा आपण सोडून दिलेली बरी.

आता त्या घरातल्या थोरल्याकडे येते. त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, कारण आजीसमोर त्याच्या तोंडून वावगा शब्द निघत नसे. मित्रांबरोबर मोबाइलवर खेळताना मात्र दर दोन वाक्यांनी इंग्रजी शिवी येई. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “इंग्लिशमध्ये तेवढं वाटत नाही.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बोस्टन विद्यापीठातील कॅथरिन कॉल्डवेल-हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातृभाषा तुर्की आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांना येणारा सूक्ष्म घाम मोजला होता. तेव्हा लहानपणी ऐकलेली रागावणीची वाक्ये इंग्रजीपेक्षा तुर्कीत ऐकताना शरीर अधिक दचकते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दिसले. ज्या भाषेत आपण लहानपणी बोलणी खाल्ली, तिच्यातला शब्द अंगाला लागतो. उसनी शिवी जिभेवर हलकी राहते, ऐकणाऱ्याला ती कितीही जड जावो.

बारा वर्षांच्या मुलाला अर्थ विचारता येतो, नव्हे, विचारायलाच हवा. मी त्याला कागदावर तीन रकाने आखायला सांगितले: घरी चालते, मित्रांत चालते, कुठेच चालत नाही. तो मनापासून कामाला लागला. आईवरून दिलेल्या शिव्या त्याने शेवटच्या रकान्यात टाकल्या आणि कारणही लिहिले, “अर्थ कळल्यावर कसंतरी झालं.” इंग्रजी शब्द मधल्या रकान्यात गेले. पहिल्या रकान्यात ‘मूर्ख’, ‘गाढव’, आजीचे लाडाचे ‘मेल्या’, आणि त्यांच्याखाली ‘बायल्या’ होते.

हा शेवटचा शब्द कुणासाठी वापरतोस, असे मी विचारले. वर्गातला एक मुलगा, तो म्हणाला. सगळेच त्याला तसे म्हणतात आणि घरी बाबाही क्रिकेट बघताना म्हणतात, त्याबद्दल कधी कुणी रागावलेले नाही. तो खरेच बोलत होता. घरातल्या शिव्यांच्या मोजदादीत तो शब्द कधी आलाच नव्हता. तसेच कुणाची जात किंवा व्यंग काढणारे शब्दही बहुतेक घरांत त्या मोजदादीतून निसटतात. मी त्याला हा शब्द तिथून हलव असे सांगितले नाही. तो मुलगा सध्या काय करतो, एवढेच विचारले.

थोरल्याने बराच वेळ पेनाचे टोपण काढले आणि घातले. मग म्हणाला, “तो पीटीच्या तासाला ग्राउंडवर येत नाही आता. पोट दुखतं म्हणून वर्गात बसतो.”

पुढच्या भेटीला वडिलांनीही यावे, असे मी सुचवले आणि तो कागद फाइलमध्ये ठेवला. निघताना थोरल्याने तो परत मागून घेतला आणि उभ्या उभ्याच ‘बायल्या’वर काट मारली, मात्र दुसऱ्या कुठल्या रकान्यात तो शब्द लिहिला नाही.