शेवग्याची पावडर आणि पालक : 25 पटीचे गणित

प्रश्न : शेवग्याच्या पाल्यात पालकाच्या 25 पट लोह असते, पावडरीला मोठा भाव आहे, असे सांगून दुकानदार एकरभर लागवड करायला लावतोय. रोपेही त्याचीच. यात खरे किती? घरी हिमोग्लोबिन कमी आहे, पावडर सुरू करावी का? (शेतकरी, शिरोळ)

उत्तर : हा आकडा वाळवलेल्या पावडरीची ओल्या पालकाशी तुलना करून काढलेला आहे. पालकात 91 टक्के पाणी, पावडरीत जेमतेम 5 ते 8 टक्के. पाणी काढले की कुठलीही भाजी घट्ट होणारच.

ओल्याशी ओले ताडून बघा. 100 ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात सुमारे 4 मिलिग्रॅम लोह, पालकात 2.7. म्हणजे फरक दीडपट. दोन्हींतले पाणी वजा करून हिशेब केला तर लोहात पालकच पुढे जातो. पावडरीसाठी नेहमी सांगतात तो 28 मिलिग्रॅमचा आकडा खरा धरला, तरी ओल्या पालकाच्या 10 पटच होतो. शिवाय पावडर कोणी 100 ग्रॅम खात नाही. 5 ग्रॅममधून 1.4 मिलिग्रॅम मिळते, पालकाच्या 100 ग्रॅम भाजीतून त्याच्या दुप्पट.

शेवगा खरा सरस आहे तो प्रथिनांत : ओल्या पाल्यात 9 ग्रॅम, पालकात 3. कॅल्शियमही जास्त, आणि पालकातले कॅल्शियम ऑक्झलेटमुळे अंगी फारसे लागत नाही. लोह मात्र दोन्हीकडे वनस्पतीतलेच, त्यामुळे थोडेच शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको.

हिमोग्लोबिनसाठी पावडरीवर विसंबू नका. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्यांच्या लोहाच्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. तेवढे पावडरीतून घ्यायचे तर रोज 200 ग्रॅमच्या वर खावी लागेल. दुकानदार ‘दोन चमचे, तीन वेळा’ म्हणेल. ऐकू नका. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, निकालही एकसारखे नाहीत. रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका. पुन्हा सांगतो, गोळी बंद करू नका.

लागवडीचे म्हणाल तर रोपे विकणाऱ्याच्या ‘माल आम्हीच उचलू’ या तोंडी शब्दावर एकर अडकवू नका. खरेदीदार, दर आणि ओलाव्याची अट लेखी घ्या. 100 किलो निवडलेल्या ओल्या पानांची फार तर 23 किलो पावडर होते, देठ धरून तोलले तर आणखी कमी. दर याच हिशेबाने तपासा. उन्हात वाळवली की पाने पिवळी पडतात आणि अ जीवनसत्त्वाचा अंश जातो, त्यामुळे सावलीत पातळ थर द्या. थर जाड झाला तर पाने काळी पडून बुरशी धरतात. पाला तोडायच्या तोंडावर दुकानदार फवारा देईल, तो घेऊ नका. फवाऱ्याचा अंश वाळवून जात नाही, उलट घट्ट होतो. पाकिटावर ‘25 पट’ छापू नका, सिद्ध न होणारा दावा अन्नसुरक्षा कायद्यात अडकवतो.

माझे मत विचाराल तर ऊस मोडू नका. बांधावर पाच-दहा झाडे लावा, कोवळा पाला भाजीला वापरा, उरला तर ताजाच जुडी बांधून बाजारात द्या. प्रक्रिया करायचीच असेल तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान आहे. योजना चालू आहे का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि खरेदीदार पक्का झाल्यावरच अर्ज करा.