इंडस-२ आणि अणुकचऱ्याचे रूपांतरण

प्रश्न: आपल्या इंदूरच्या आरआरकॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ यंत्रावर अणुकचऱ्याचे आयुष्य कमी करता येईल का?

उत्तर: इंडस-२ वर नाही, ते इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरणांसारखा प्रकाश मिळवण्याचे यंत्र आहे. या कामाला त्वरकाने, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राने, मिळवलेला सुमारे १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनांचा, मेगावॉट शक्तीचा झोत लागतो. असा एक प्रोटॉन शिशाच्या लक्ष्यावर आदळला की साधारण २० ते ३० न्यूट्रॉन सुटतात. भोवतालचा अणुइंधनाचा गाभा मुद्दाम अपुरा ठेवतात, म्हणजे विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू राहत नाही. गुणनांक, म्हणजे एका पिढीतल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत होणारे न्यूट्रॉन, ०.९७ असेल, तर बाहेरून आलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे साखळीत एकूण सुमारे ३३ न्यूट्रॉन होतात, पण झोत थांबताच साखळी विझते, उरते ती केवळ किरणोत्सारी ऱ्हासाची उष्णता.

टेक्नेशियम-९९ चे उदाहरण घ्या. त्याचे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे. मात्र एक न्यूट्रॉन गिळल्यावर त्याचे टेक्नेशियम-१०० होते, ज्याचे अर्धायुष्य जेमतेम १५ सेकंद असते आणि ज्यातून स्थिर रुथेनियम-१०० उरते. एवढ्यासाठी मात्र त्वरक अनिवार्य नाही, न्यूट्रॉन कुठलेही चालतात. त्वरकाची खरी गरज अमेरिशियमसारख्या जड मूलद्रव्यांना आहे, कारण त्यांच्या विखंडनात विलंबित न्यूट्रॉन, म्हणजे थोड्या उशिराने निघून नियंत्रणाला वेळ देणारे न्यूट्रॉन, फार कमी निघतात आणि नेहमीच्या अणुभट्टीत या मूलद्रव्यांचे प्रमाण वाढवल्यास नियंत्रण अवघड होते. माझ्या मते मोठी अडचण झोत वारंवार खंडित होण्याची आहे, कारण प्रत्येक खंडाने इंधनाला आणि लक्ष्याला तापमानाचा धक्का बसतो.