लाजऱ्या मुलीसाठी कॅरम

ताई, तुमची अकरा वर्षांची लेक लाजते, मुलींत मिसळत नाही म्हणता, तर वाढदिवसाला तिला टॅब नको, कॅरम द्या. बोर्ड मोठ्यांचाच घ्या, खेळायची जागा 74 सेंटीमीटरची. लहान बोर्डाला मुलं लवकर कंटाळतात. सोबत बोरिक पावडर.

पहिल्या शनिवारी सोसायटीतली एकच मैत्रीण बोलवा. दोघींचं जमलं की चौघी. जोडीच्या डावात भिडू समोर बसतो, खेळायची पाळी आपोआप येते, त्यामुळे गप्प मुलीलाही मध्ये घुसावं लागत नाही. राणी घेतली की कव्हर हवंच, तिथे ती हमखास ओरडते! चिठ्ठ्या टाकून भिडू बदलत राहा, नाहीतर पटाईत मुली एकत्र येतात आणि ही सारखी हरते. तुम्ही मात्र स्वयंपाकघरात थांबा. पाळी नसताना ती पाणी प्यायला सारखी आत यायला लागली, तर पुन्हा दोघींवर या.