गेल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेल्या फंडात पैसे घालावेत का?

प्रश्न : "पोस्टातील 2 लाखांची ठेव पुढच्या महिन्यात मुदत पूर्ण होऊन हाती येते. एका म्युच्युअल फंडाने गेल्या वर्षी सर्वांत जास्त परतावा दिला आहे. सगळी रक्कम त्यातच घातली तर चालेल का?"

माझे उत्तर 'नको' असे आहे. त्याचे कारण मी माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

2021 या वर्षी निफ्टी आयटी हा माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक सुमारे 60 टक्क्यांनी वाढला आणि वर्षअखेरीच्या याद्यांमध्ये तंत्रज्ञान क्षेत्राचे फंड वरच्या स्थानांवर दिसू लागले. ती यादी पाहून जानेवारी 2022 मध्ये मी फोंड्याच्या बँकेतील मुदत ठेव मोडली आणि 1 लाख रुपये अशाच एका फंडात घातले. त्या वर्षी तोच निर्देशांक सुमारे 26 टक्क्यांनी घसरला. या कंपन्यांचा नफा आदल्या वर्षी वाढला होता हे खरे, परंतु तो 60 टक्क्यांनी वाढलेला नव्हता. वाढीचा मोठा भाग त्याच नफ्यासाठी लोक जास्त किंमत मोजायला तयार झाल्यामुळे आला होता. अमेरिकेत व्याजदर चढू लागले तेव्हा ही जास्तीची किंमत आधी गळून पडली. मी ज्याला फंडाचे कर्तृत्व समजलो, ते बरेचसे महागलेल्या भावाचे रूप होते, आणि त्या महागलेल्या भावानेच मी खरेदी केली होती.

हे आकड्यांत मांडून पाहू. निर्देशांकाप्रमाणेच चालणाऱ्या एका फंडाचे युनिट 2021 च्या आरंभी 100 रुपयांना होते असे समजा. वर्षअखेरीस ते 160 रुपये झाले आणि पुढच्या वर्षी 26 टक्के घटून साधारण 118 रुपयांवर आले. दोन वर्षांचा हिशेब दर वर्षी जवळपास 9 टक्के वाढ असा दिसतो, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु सुरुवातीला 10 हजार घालून, वाढ पाहून नंतर आणखी 1 लाख घालणाऱ्या माणसाचे 1 लाख 10 हजार रुपये त्याच दोन वर्षांच्या शेवटी सुमारे 86 हजार उरतात. फंडाचा परतावा आणि गुंतवणूकदाराच्या पदरात पडलेला परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण बहुतेकांचे पैसे वाढ झाल्यानंतरच येतात. आपल्याकडे गोव्यात खनिजाला तेजी असताना शेजाऱ्याची मिळकत पाहून कर्जावर ट्रक घेणारे होते; 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा शेवटी आलेल्यांना हप्ते भरणे सर्वांत जड गेले. तिथले कारण निराळे होते, पण उशिरा आलेल्याची अवस्था सारखीच.

एका वर्षाच्या परताव्यात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे मोजणीची आरंभतारीख. 23 मार्च 2020 रोजी शेअर बाजाराचा निफ्टी हा मुख्य निर्देशांक 7,610 च्या आसपास बंद झाला होता. बरोबर एक वर्षाने तो 14,800 च्या वर होता. म्हणजे त्या दिवशीचा 'एक वर्षाचा परतावा' जवळजवळ 95 टक्के दिसत होता. मात्र जानेवारी 2020 च्या मध्यास, 12,362 च्या पातळीवर पैसे घातलेल्याला चौदा महिन्यांत मिळाले सुमारे 20 टक्के. बाजार तोच, फक्त मोजणी खड्ड्याच्या तळापासून केली की उंची कितीतरी जास्त भासते.

म्हणून तुम्ही पाहिलेला फंड आधी कोणत्या वर्गातील आहे ते तपासा. क्षेत्रीय फंडाला किमान 80 टक्के रक्कम आपल्या क्षेत्रातच ठेवावी लागते. त्यामुळे ते क्षेत्र चालले की तो यादीच्या माथ्यावर जातो आणि ते पडले की तळाला. दोन्ही वेळा व्यवस्थापक तोच असू शकतो. शिवाय दर वर्षी नव्या अव्वल फंडाकडे उडी मारणे फुकट नसते. इक्विटी फंडातून, म्हणजे शेअरांत पैसे घालणाऱ्या फंडातून, वर्षाच्या आत बाहेर पडताना अनेक ठिकाणी 1 टक्का निर्गमन शुल्क कापले जाते आणि नफ्यावर सध्या 20 टक्के कर लागतो.

तुलना करायची असेल तर त्याच वर्गातील फंडांचे 'रोलिंग रिटर्न' पाहा, म्हणजे गेल्या दहा वर्षांतील प्रत्येक दिवसापासून पुढची तीन वर्षे मोजली तर किती वेळा तो फंड आपल्या निर्देशांकाच्या, लाभांश धरलेल्या, परताव्यापुढे राहिला. यानेही भविष्य कळत नाही, आणि मधल्या काळात व्यवस्थापक बदलला असेल तर जुना भाग त्याच्या नावावर धरता येत नाही. पण एका भाग्यवान वर्षाचा प्रभाव पुष्कळ कमी होतो.

तुमचे पैसे पोस्टातून येत आहेत, तेव्हा त्यांपैकी येत्या पाच वर्षांत लागणारी रक्कम इक्विटीत आणूच नका. उरलेल्यासाठी निफ्टी 50 चा कमी खर्चाचा इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातीलच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्यस्थाशिवाय थेट, दहा-बारा समान हप्त्यांत घ्या. मी स्वतः 2023 पासून तेच करतो आहे.