प्रोनोट तिसऱ्याच्या हातात गेली की आधी तारखा बघा

«मी वडगावचा यंत्रमागवाला. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडून चार जुने माग घेतले आणि 2,40,000 रुपयांची 90 दिवसांची प्रोनोट दिली. दोन माग चालतच नाहीत म्हणून पैसे थांबवले. आता एका पतसंस्थेची नोटीस आलीय. नोट त्यांच्याकडे आहे आणि मागाच्या तक्रारीशी त्यांचा संबंध नाही, असं म्हणतात. हे खरं का?»

खरं असू शकतं भाऊ, आणि म्हणूनच हे लिहितोय. आमच्या उद्यमबागेतल्या लेथ मशीनचं असंच झालं होतं. मी वकील नाही. ही माझ्या अनुभवातली माहिती समजा आणि कागद वकिलाला दाखवाच.

आधी सही कशावर केलीय ते बघा. «मी अमुक रक्कम देईन» असं तुम्हीच लिहून दिलं असेल तर ती प्रोनोट, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून बांधलेले. व्यापाऱ्याने तुमच्यावर हुकूम काढला असेल, «अमुकला इतके द्या», तर ती बिल ऑफ एक्स्चेंज. त्यावर तुम्ही स्वीकाराची सही करेपर्यंत त्या बिलाखाली तुमच्यावर जबाबदारी येत नाही. एकदा सही केली की मात्र दोन्हींत फारसा फरक उरत नाही. मजकुरात «माग सुरू झाल्यावर देईन» अशी अट असेल तर तो कागद प्रोनोटच नाही, कारण वचन बिनशर्त हवं. नुसता «मागांच्या किमतीपोटी» असा उल्लेख असेल तर ती अट होत नाही.

आता पतसंस्थेचं म्हणणं. ज्याने मोबदला देऊन, मुदत संपायच्या आधी, आणि देणाऱ्याच्या हक्कात खोट आहे असं वाटायला पुरेसं कारण नसताना नोट घेतली, तो होल्डर इन ड्यू कोर्स. माल खराब निघाला किंवा व्यापाऱ्याने शब्द पाळला नाही, या तुमच्या तक्रारी त्याच्यापुढे चालत नाहीत. कोऱ्या स्टॅम्प-कागदावर सही दिली आणि व्यापाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त रक्कम भरली, तरी स्टॅम्पच्या मर्यादेपर्यंत असा होल्डर ती वसूल करू शकतो. पण खोटी सही, सही करणारा अल्पवयीन असणं, तुमच्या संमतीविना नंतर रकमेत केलेली खाडाखोड, यातून त्यालाही वाट नाही. नोटेवर पुरेसा स्टॅम्प नसेल तर ती पुराव्यात घेताच येत नाही, दंड भरूनही नाही.

तुमचा सगळा प्रश्न तारखेवर आहे. समजा नोट 12 मार्चची आहे. 90 दिवस 10 जूनला भरतात, त्यावर कायद्याचे सवलतीचे तीन दिवस, म्हणजे मुदत 13 जूनला. संस्थेने नोट 20 जूनला घेतली असेल तर तिला व्यापाऱ्याइतकाच हक्क मिळतो, आणि बंद मागांची तक्रार तुम्ही तिच्यापुढे मांडू शकता. 5 जूनला घेतली असेल तर पूर्ण पैसे देऊन मागांसाठी व्यापाऱ्याच्या मागे लागावं लागेल. आणि इथेच फसगत होते: नोटेच्या मागे, ती दुसऱ्याला दिल्याच्या शेऱ्याखाली तारीख नसेल तर नोट मुदतीआधीच दिली गेली असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणून 13 जूननंतर व्यापाऱ्याने स्वतःच्या नावाने पैसे मागितल्याचं पत्र किंवा मेसेज असेल तर जपून ठेवा. नोट तेव्हा त्याच्याकडेच होती, हे त्यातून दिसतं. व्यापाऱ्याने फसवून सही घेतली हे सिद्ध झालं तर पारडं उलटतं. मग आपण नेक आहोत हे संस्थेला दाखवावं लागतं. नुसता खराब माल म्हणजे फसवणूक नव्हे.

आमच्या वेळी एका पतसंस्थेच्या कार्यालयाने आम्हाला नोटेची फक्त पुढची बाजू दाखवली. मागच्या शेऱ्याची झेरॉक्स मागितली की «साहेब नाहीत», «अर्ज द्या», अर्ज दिला की «बोर्डापुढे ठेवू». कोर्टात त्यांचं रजिस्टर आलं तेव्हा नोट मुदतीआधीच घेतल्याचं दिसलं. म्हणजे त्यांचा हक्क खरा होता! मग पहिल्याच दिवशी ते पान दाखवायला काय हरकत होती? आम्ही तेव्हाच तडजोड केली असती. नोटेत व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर कायद्याने वर्षाला 18 टक्के लागतात. तुमच्या रकमेवर ते वर्षाला 43,200 होतात. वकिलाची फी वेगळी. ही चीड अजून गेलेली नाही.

म्हणून नोटिशीच्या उत्तरातच रजिस्टर्ड पोस्टाने मागा: नोटेच्या दोन्ही बाजूंची प्रत, घेतल्याची तारीख, व्यापाऱ्याला दिलेली रक्कम आणि ती कुठल्या खात्यावर गेली. टाळाटाळ केली तर ते पत्र कोर्टात दाखवायला उपयोगी पडतं. दावा ऑर्डर 37 खाली, म्हणजे झटपट निकालाच्या पद्धतीने, आला तर समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजेरी नोंदवा. मग निकालासाठीचं समन्स आलं की पुन्हा 10 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. कोल्हापूरचं कोर्ट असो की बेळगावचं, कागदाची भाषा कळत नाही म्हणून वाट बघत बसू नका.

पुढच्या वेळी नोट द्यायचीच असेल तर «फक्त यांनाच देय, हस्तांतर करता येणार नाही» असं लिहा. व्यापारी नाक मुरडेल, पण तशी नोट दुसऱ्याच्या हाती जाऊन तुमच्यावर उलटत नाही.