‘इलेक्ट्रॉन मंदावतात’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न: “तार तापली की इलेक्ट्रॉन मंदावतात, म्हणून तिचा रोध वाढतो, असं क्लासच्या नोट्समध्ये दिलंय. मग सिलिकॉन तापल्यावर त्यातले इलेक्ट्रॉन वेगवान होतात असं लिहायचं का?” (सातारा)

नाही, तसं लिहू नका. खरं तर नोट्समधलं पहिलं वाक्यही ‘मंदावतात’ या क्रियापदामुळे अडचणीत येतं, कारण मंदावलं ते नक्की काय हे त्यातून कळत नाही.

तांब्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनला दोन वेग असतात. एक त्याचा सैरावैरा पळण्याचा, सेकंदाला सुमारे 1,600 किलोमीटर. तार तापली तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो. दुसरा ड्रिफ्ट वेग, म्हणजे या धावपळीतूनही सगळे मिळून एका दिशेला जितके सरकतात तो. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेतून 6 अँपियर धारा सोडली, तर v = I/(nAe) या सूत्राने हा वेग सेकंदाला जेमतेम 0.3 मिलिमीटर येतो, तासाला साधारण एक मीटर. एवढा कमी का, तर एका घनमीटर तांब्यात सुमारे 8.5 × 10²⁸ मोकळे इलेक्ट्रॉन असतात. इतके जण सरकायला असल्यावर कुणाला घाई करावी लागत नाही.

आता आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. सांगलीत उसाच्या किंवा द्राक्षाच्या पंपाची मोटर रिवाइंडिंगला आली, आणि तिच्या वाइंडिंगची तार याच जाडीची आहे असं धरू. 30 अंशांवर थंड असताना तिच्यातून 6 अँपियर डीसी सोडायला 12 व्होल्ट लागले, म्हणजे रोध 2 ओहम. भरपूर चालवून बंद केल्याबरोबर पुन्हा मोजलं, तर त्याच 6 अँपियरसाठी 15 व्होल्ट लागले. रोध झाला 2.5 ओहम. तांब्यासाठी रोधाचं प्रमाण (234.5 + तापमान) या बेरजेच्या प्रमाणात बदलतं. तेव्हा 2.5 ला 2 ने भागा, 264.5 ने गुणा आणि 234.5 वजा करा: वाइंडिंगचं सरासरी तापमान 96 अंश निघतं. (मोजायला उशीर केलात तर वाइंडिंग निवतं आणि आकडा कमी येतो. शिवाय ही सरासरी आहे, आतला एखादा भाग याहून तापलेला असू शकतो.)

यात ड्रिफ्ट वेग किती बदलला? अजिबात नाही. धारा तीच, तार तीच, इलेक्ट्रॉनही तेवढेच, म्हणजे वेगही तोच. बदललं ते दोन टकरींमधलं अंतर. तापलेल्या जाळीतले अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉन लवकर लवकर अडखळतो आणि तोच वेग टिकवायला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. व्होल्टेज कायम ठेवलं असतं तर मात्र ड्रिफ्ट वेग खरोखर घटला असता. त्यामुळे ‘मंदावतात’ लिहायचंच असेल, तर ‘व्होल्टेज कायम असताना’ हे शब्द सोबत हवेत. मला विचाराल तर ‘टकरी वाढतात’ हे जास्त नेमकं.

रोधकतेचं सूत्र ρ = m/(n e² τ). इथे τ हा दोन टकरींमधला सरासरी काळ आणि n ही मोकळ्या इलेक्ट्रॉनांची घनता. तांब्यात n हलत नाही, फक्त τ घटतो. म्हणून 30 अंशांच्या वाढीला रोधकता साधारण 12 टक्के वाढते.

शुद्ध सिलिकॉनमध्येही τ घटतोच. तिथली जाळी काही शांत बसत नाही. पण तिथे नेहमीच्या तापमानाला घनमीटरमागे मोकळे इलेक्ट्रॉन फक्त 10¹⁶ च्या घरात असतात, बाकीचे बंधांत अडकलेले. उष्णतेने बंध सुटतात आणि मोकळ्यांची संख्या भराभर वाढते. 27 वरून 57 अंशांवर गेलं की ती सुमारे आठपट होते. सुटलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे उरलेली रिकामी जागा, ‘होल’, हीसुद्धा धारा वाहते. याच टप्प्यात टकरींमुळे सरकण्यातली सहजता पाचव्या हिश्श्याने घटते, पण आठपटीपुढे ते नुकसान किरकोळ. रोधकता सहा-सात पटींनी उतरते. म्हणजे सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन वेगवान होत नाहीत, संख्येने वाढतात.

‘शुद्ध’ हा शब्द मात्र गाळू नका. फॉस्फरससारखी भेसळ मुद्दाम केलेल्या सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानाला भेसळीने दिलेले इलेक्ट्रॉन आधीच सगळे मोकळे झालेले असतात. मग n स्थिर, τ घटता आणि रोधकता धातूसारखी वाढती. तापमान मोजणारे काही सिलिकॉन सेन्सर याच वाढीवर चालतात. आणखी बरंच तापवल्यावर बंधांतून सुटणारे इलेक्ट्रॉन भेसळीच्या इलेक्ट्रॉनांपेक्षा जास्त होतात आणि तिथून रोधकता खाली वळते. भेसळ जितकी जास्त, तितकं हे वळण उशिरा येतं.